गिऱ्ह्यासाठी सव्वासहा लाख

आजीच्या गोष्टीतला गिऱ्हा खाडीच्या पाण्यात राहायचा आणि रात्री उशिरा खाडी ओलांडणाऱ्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारायचा. त्या हाकेला ओ देणाऱ्या एका म्हाताऱ्या तारीची, म्हणजे होडी वल्हवणाऱ्याची, पाच मिनिटांची ॲनिमेशन फिल्म मला करायची होती, कागदावर, पेन्सिलने. पटकथा आणि स्टोरीबोर्ड तयार होता, पैसे नव्हते. म्हणून लोकवर्गणीचा, म्हणजे क्राउडफंडिंगचा मार्ग धरला. किकस्टार्टरवर भारतातून प्रकल्प सुरू करता येत नाही, त्यामुळे एका देशी प्लॅटफॉर्मवर गेलो. नियम एकच: ठरवलेली रक्कम ३५ दिवसांत पूर्ण झाली तरच पैसे हातात, नाहीतर सगळे ज्याचे त्याला परत.

आधी रकमेबद्दल, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. एका सेकंदाला २४ फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम टिकवायचं ही आमच्या कामातली नेहमीची पद्धत, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं आणि एकूण ३,६००. स्थिर क्षण आणि पुन्हा वापरता येणारी वल्ह्यांची हालचाल वजा केली तर साधारण २,६००. मी आणि माझा मित्र, दोघांनी चार महिने प्रत्येकी रोज तेरा-चौदा चित्रं काढायची. दोघांचे महिना ३५ हजारांप्रमाणे २ लाख ८० हजार, स्कॅनिंग आणि रंगकामाचे ६० हजार, पार्श्वभूमीच्या चित्रांचे ४० हजार, आवाज-संगीताचे ६० हजार आणि सबटायटल, थिएटरची प्रत, महोत्सवांच्या प्रवेश फिया यांचे २० हजार. बेरीज ४ लाख ६० हजार. मी तोच आकडा फॉर्मवर लिहिला होता.

आमच्या ओळखीच्या सीएंनी तो थांबवला. त्यांनी विचारलं, "यातले तुमच्या खात्यात किती येणार?" प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि पेमेंट गेटवेचा आकार मिळून दहा टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ १२ टक्के तिथेच जाणार. वर्गणीदारांना द्यायच्या भेटी आणि त्यांचं पोस्टेज मी १३ टक्के धरलं. शंभरातले पंचाहत्तरच फिल्मला मिळणार होते. ४ लाख ६० हजार गोळा झाले असते तर हातात ३ लाख ४५ हजार उरले असते आणि फिल्म रंगकामाच्या अलीकडे अडकली असती. त्यामुळे हिशेब उलटा करावा लागतो. लागणाऱ्या रकमेला ०.७५ ने भागायचं. उत्तर ६ लाख १३ हजार आलं, आम्ही ६ लाख १५ हजार लक्ष्य ठेवलं. आकडा वाढल्याची भीती वाटत होती, पण त्याहून कमी मागणं म्हणजे लोकांना अर्धवट फिल्मसाठी पैसे द्यायला लावणं होतं.

सीएंनी आणखी दोन वाक्यं मोहिमेच्या पानावर स्पष्ट लिहायला लावली. वर्गणीवर ८०-जीची करसवलत मिळणार नाही, कारण ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीलाच मिळते आणि आम्ही संस्था नाही. दुसरं, फिल्मच्या कमाईत वाटा मिळणार नाही. वाटा देऊ केला की ती गुंतवणूक होते आणि तिचे कायदे वेगळे. हे आधीच लिहून ठेवल्यामुळे नंतर कुणाशी वाद झाला नाही.

आता भेटींचे टप्पे, म्हणजे किती वर्गणीला कोणती भेट. माझ्या पहिल्या यादीत नऊ होते: मग, टी-शर्ट, गोल गुंडाळलेलं पोस्टर, कीचेन. सगळ्या मोहिमांमध्ये दिसतं तसंच. टी-शर्टचा हजार रुपयांचा टप्पा मांडून बघितला. छपाईवाल्याकडे किमान पन्नास नगांची ऑर्डर, एकाला २८० रुपये, कुरिअर ९०. हजारातून ३७० गेले, कमिशनचे १२० गेले, उरले ५१०. शिवाय पाच साइझ आणि कुणाला काय होईल याचा फोनाफोनीचा वेळ वेगळा. म्हणजे ज्याने फिल्मसाठी हजार दिले त्याचे निम्मे पैसे कपड्यावर खर्च होणार होते.

कुडाळच्या काकांना यादी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "पैशे घी, पण माका तो टी-शर्ट नको हां. तुज्या हातचा चित्र दी."

आमच्याकडे २,६०० चित्रं तयार होणार होती, आणि फिल्म संपल्यावर ती खोक्यात जाणार होती. प्रत्येक एकमेव. खालच्या कडेला, कागद एकाच जागी धरून ठेवणाऱ्या पेगबारची तीन भोकं, कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला शॉट आणि चित्राचा क्रमांक, निळ्या रेषेवर चढवलेली काळी रेषा, कुठे खोडल्याची सावली. एक मूळ चित्र, मागे सही, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून स्पीड पोस्टने. खर्च १५० रुपये. दीड हजाराच्या टप्प्यातून कमिशन आणि हा खर्च वजा जाता १,१७० रुपये फिल्मला उरतात. हाच टप्पा आमचा कणा ठरला.

त्यालाही मर्यादा होत्या आणि त्या आधी ओळखणं गरजेचं होतं. सगळी चित्रं देण्यासारखी नसतात. दोन मुख्य मुद्रांच्या मधली चित्रं एकटी बघितली तर अर्धवट दिसतात, काही कागदांवर तर नुसती पापणी किंवा वल्ह्याचं टोक असतं. म्हणून या टप्प्याला २०० ची मर्यादा घातली, म्हणजे चांगल्या मुख्य मुद्राच जातील. आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत एकही चित्र घराबाहेर जाणार नाही, असं पानावर लिहिलं. शॉट पुन्हा करावा लागला तर मूळ कागद समोर लागतो, स्कॅनवर भागत नाही.

शेवटी चारच टप्पे ठेवले. ५०० रुपयांना श्रेयनामावलीत नाव आणि फिल्मची लिंक. दीड हजारांना मूळ चित्र. ५ हजारांना स्टोरीबोर्डचं एक पान माउंट करून, सोबत आमच्याशी एक ऑनलाइन संध्याकाळ. २५ हजारांना तारीच्या होडीतल्या प्रवाशांपैकी एकाचा चेहरा वर्गणीदाराचा. होडीत नऊ प्रवासी आहेत, पण अशा जागा पाचच ठेवल्या. प्रत्येक चेहऱ्याचा समोरून, बाजूने, पाऊण वळलेला असा अभ्यास करायला दोन दिवस लागतात.

नावाच्या टप्प्याने मला शिकवलं ते वेगळंच. वर्गणीदारांना नाव देवनागरीत कसं छापायचं ते विचारणारा फॉर्म पाठवला. कितीतरी जणांनी स्वतःचं नाव लिहिलंच नाही. आजोबांचं लिहिलं, गेलेल्या आईचं लिहिलं. एका बाईंनी लिहिलं, "माझे वडील तारी होते. नाव तेवढं होडीजवळ येऊ दे." नामावलीची सुरुवात रिकाम्या होडीच्या चित्रावर होते. ते नाव तिथे पहिलं आहे.

मोहिमेच्या पिच व्हिडिओचा पहिला कट ४ मिनिटं ४० सेकंदांचा होता. सुरुवातीला मी खुर्चीत बसून माझं शिक्षण, कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टी, ॲनिमेशनचं महत्त्व, सगळं बोललो होतो. ओळखीच्या बारा जणांना फोनवर दाखवला आणि मी शेजारी बसून त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. बहुतेकांचा अंगठा चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास पुढे सरकवायला गेला. फिल्मचं पहिलं चित्र माझ्या कटमध्ये एक मिनिट दहा सेकंदांनी येत होतं.

दुसऱ्या कटसाठी एक शॉट पूर्ण केला. नऊ सेकंद, १०८ चित्रं, दोन आठवडे. काळं पाणी, तारी पाठमोरा, मागून हाक येते, वल्हं थांबतं आणि त्याचा खांदा किंचित वळतो. व्हिडिओ त्या शॉटनेच सुरू केला, एकही शब्द न बोलता. मग मी वीस सेकंद बोलतो आणि त्यानंतर उरलेली गोष्ट ॲनिमॅटिकमधून, म्हणजे स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं आवाजाच्या तालावर लावून. कोपऱ्यात "कच्चं रेखाटन" असं लिहून ठेवलं. पूर्ण झालेलं काम नऊ सेकंदांचंच आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर सगळी फिल्म तयारच आहे, मग पैसे कशाला, असा समज होतो. किती पैसे हवेत आणि कशाला, हे बरोबर अर्ध्यावर सांगितलं, शेवटासाठी राखलं नाही. एकूण २ मिनिटं ५ सेकंद. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांत मराठी सबटायटल दिले. एक गोष्ट फार जपली: व्हिडिओ व्हॉट्सॲपवर थेट पाठवला की दाबला जातो आणि पेन्सिलची बारीक रेष चिखलासारखी पसरते. म्हणून सगळ्यांना लिंकच पाठवली.

मोहीम कोजागिरीला सुरू केली. त्याआधी तीन आठवडे ओळखीच्या २१२ जणांची यादी करून रोज दहा-बारा फोन केले. फक्त एवढंच विचारलं की पहिल्या तीन दिवसांत देणार का. तीन दिवसांत १ लाख ७० हजार जमले, ते जवळजवळ सगळे याच यादीतून. अनोळखी माणूस पानावरची जमलेल्या रकमेची हलणारी पट्टी बघून थांबतो, रिकामी पट्टी बघून पुढे जातो. मग मधले दोन आठवडे फार जड गेले. पंचविसाव्या दिवशी आम्ही ३ लाख ४० हजारांवर होतो. पुन्हा पुन्हा मदत मागण्याऐवजी रोज एक चित्र टाकायला लागलो, त्या नऊ सेकंदांच्या शॉटमधलं, क्रमांकासह. तारीचा खांदा रोज थोडासा वळायचा. लोक उद्याच्या चित्राची वाट बघायला लागले. शेवटच्या दहा दिवसांत २ लाख ८५ हजार ५०० आले आणि एकूण ६ लाख २५ हजार ५०० वर मोहीम संपली. वर्गणीदारांपैकी १६८ जण दीड हजाराच्या टप्प्यावर होते.

भेटी मे अखेर पाठवू असं लिहिलं होतं. दोन शॉट पुन्हा करावे लागले आणि पाठवायला जुलै उजाडला, भर पाऊस. सगळ्या वर्गणीदारांना उशिराचं कारण आणि नवी तारीख आधी कळवली होती, त्यामुळे तक्रार आली नाही. पण कागदी पाकिटांमुळे सहा चित्रं भिजून पोचली. एकाने फोटो पाठवला, कागद सुरकुतून तारीचा चेहरा वेडावाकडा झाला होता. पाकिटाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी घालायला हवी होती, फार तर दोन रुपयांचा प्रश्न. मर्यादा २०० ठेवल्यामुळे ३२ मुख्य चित्रं शिल्लक होती. त्या सहा जणांना त्याच शॉटमधलं दुसरं चित्र, पिशवीत बंद करून, पत्रासह पाठवलं. काकांचं चित्र मात्र मी स्वतः कुडाळला नेऊन दिलं. शॉट ७, चित्र ४३. त्यांनी ते दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, पेगची भोकं दिसतील असं.