दोन वेळा ‘मुदतीत निकाली’, काम मात्र बाकीच

सरकारी नोंदीत माझ्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला मला १५५ दिवस लागले. कार्यालयाच्या मासिक तक्त्यात मात्र याच कामाचे तीन अर्ज दिसतात. त्यांतले दोन ‘मुदतीत निकाली’ आहेत आणि एक ‘विलंबाने’. मुदत ३० दिवसांची. म्हणजे तक्त्यावर विश्वास ठेवला तर माझ्या बाबतीत हे कार्यालय तीनपैकी दोनदा यशस्वी झालं.

यात मला राग येण्यापेक्षा ओशाळायला जास्त झालं, कारण निवृत्तीआधीची बरीच वर्षं मी अशाच एका सार्वजनिक कार्यालयात मासिक तक्ते तयार करायचो. खिडकीच्या या बाजूला उभा राहिल्यावर जे जे माझ्यासोबत झालं, ते ते मी कधी ना कधी त्या बाजूला बसून केलेलं होतं.

पहिला अर्ज दिला तेव्हा खिडकीवरच्या मुलाने शिक्का मारलेली पोच दिली, पण तिच्यावर आवक क्रमांक नव्हता. “क्रमांक नंतर मेसेजवर येईल, काका.” तो दहा दिवसांनी आला. मुदत मोजायला सुरुवात होते ती या क्रमांकापासून, कागद हातात दिल्यापासून नाही. आमच्याकडेही जड महिना असला की अर्ज ट्रेमध्ये पडून राहायचे आणि महिना उलटल्यावर एकगठ्ठा चढवले जायचे. कुणी मुद्दाम कट करत नसे. नोंद झाली की घड्याळ सुरू होतं, एवढं सगळ्यांना माहीत असे आणि तेवढं पुरतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या फीनिक्स इथल्या रुग्णालयात २०१४ साली हेच फार भयंकर रूपात बाहेर आलं. तिथे १४ दिवसांत डॉक्टरची वेळ द्यायचं उद्दिष्ट होतं. चौकशीत सुमारे १,७०० रुग्ण असे सापडले, जे वाट पाहत होते पण अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतेच. माझ्या बाबतीत एक अक्षर अडलं होतं, तिथे माणसं अडली होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी ‘त्रुटी’ निघाली. वडिलांच्या जुन्या ओळखपत्राची प्रत जोडावी. ती अर्जाच्या चौथ्या पानावर होती. आता त्रुटी हा प्रकार मुळात चुकीचा नाही. अर्धवट अर्जांसाठी कार्यालयाला दोष का लावावा, म्हणून अर्जदाराचं उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबवायची सोय दिलेली असते, आणि निम्मे अर्ज खरोखरच अर्धवट असतात. पण खरी त्रुटी अर्ज उघडताच दिसते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अठ्ठाविसाव्या दिवशी दिसणारी त्रुटी एकच गोष्ट सांगते: अर्ज अठ्ठाविसाव्या दिवशी पहिल्यांदा उघडला गेला.

मी तीच प्रत पुन्हा दिली. यात सहा दिवस गेले, ते मुदतीत धरले गेले नाहीत. घड्याळ परत सुरू झालं आणि दोन दिवसांनी अर्ज निकाली निघाला. शेरा होता, ‘अर्जदाराने विहित नमुन्यात नव्याने अर्ज करावा.’ नमुना तोच होता, फक्त त्याची नवी आवृत्ती आली होती. कार्यालयाच्या हिशेबात ३० दिवस, माझ्या हिशेबात ४६.

इथे ‘निकाली’ या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. आपल्या कानाला तो ‘काम झालं’ असा ऐकू येतो. तक्त्यात मात्र त्याचा अर्थ ‘आता हा अर्ज आमच्याकडे प्रलंबित नाही’ इतकाच. मंजूर, नामंजूर, परत पाठवला, दुसरीकडे वर्ग केला, सगळे एकाच रकान्यात. मी तक्ते करायचो तेव्हा एकदा सुचवलं होतं की मंजूर आणि परत असे दोन रकाने करू. साहेब म्हणाले, “वरून जो नमुना आलाय त्यात एकच रकाना आहे. तुम्ही दोन दिलेत तर प्रश्नही दोन येतील.” मी विषय सोडला. तो आग्रह धरायला हवा होता, असं आता वाटतं.

दोन दिवसांनी दुसरा अर्ज दिला. या वेळी आवक क्रमांक मिळेपर्यंत खिडकी सोडली नाही. त्यामुळे हा अर्ज २९ व्या दिवशी निकाली निघाला: ‘संबंधित शाखेकडे वर्ग.’ ती शाखा त्याच इमारतीत एक मजला वर होती. तिथे त्याला नवा क्रमांक मिळाला आणि नवा क्रमांक म्हणजे वय शून्य. जिना चढता चढता माझा अर्ज ७७ दिवसांचा होता तो नवजात झाला.

वरच्या शाखेत नेमका संबंधित कारकून रजेवर होता आणि तिसरा अर्ज ३० दिवसांची रेघ ओलांडून गेला. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, आता तो लाल यादीत येईल, आढावा बैठकीत कुणीतरी विचारेल. चाळीस दिवस झाले, साठ झाले, काहीच हललं नाही. एवढी वर्षं तक्ते करूनही ही गोष्ट माझ्या डोक्यात उशिरा शिरली.

ते कार्यालय दर महिन्याला निकाली अर्जांची यादी फलकावर लावायचं. आवक तारीख, निकाली तारीख, बस. मी तीन महिन्यांच्या याद्यांचे फोटो काढले आणि घरी वहीत रेघा मारून बसलो: पहिल्या दिवशी निकाली निघालेले किती, दुसऱ्या दिवशी किती, असं पुढे. पहिल्या वीस दिवसांत तुरळक काड्या. सत्तावीस ते तीस या चार दिवसांत काड्यांचा ढीग, निम्म्याहून जास्त अर्ज तिथेच. एकतीस ते साठ जवळजवळ कोरं. आणि मग ऐंशी-नव्वदच्या पुढे चारदोन. काम जसं येतं तसं होत असतं, तर आकृती हळूहळू चढून हळूहळू उतरली असती. एकतीसपाशी असा कडा तुटलेला दिसला नसता. अर्जाला लागणारा वेळ तिसाव्या दिवशीच संपतो असं काही नसतं. संपते ती त्याची तक्त्यातली किंमत.

कारण मोजमाप असं होतं: या महिन्यात जेवढे अर्ज निकाली काढले, त्यांपैकी किती टक्के मुदतीत? उद्दिष्ट ९० टक्के. वाचायला अगदी सरळ. आता समजा महिन्यात १०० अर्ज निकाली निघाले आणि त्यांतले ९३ मुदतीत होते, म्हणजे ९३ टक्के. शाखेत मुदत उलटलेले आणखी २० अर्ज पडलेले आहेत. एखाद्या कष्टाळू कारकुनाने जास्त वेळ थांबून ते वीसही हातावेगळे केले, तर १२० पैकी ९३ मुदतीत, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. ज्याने जास्त काम केलं त्याच्या नावापुढे लाल शेरा. ज्याने ते वीस कपाटात ठेवले त्याचं बैठकीत कौतुक. एकतीस दिवसांचा अर्ज आणि एकशेएकतीस दिवसांचा अर्ज या मापात सारखेच वाईट, आणि निकाली काढला नाही तर दोन्ही अदृश्य.

हे फक्त खालच्या टेबलांचं शहाणपण नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं उद्दिष्ट होतं आणि त्याचा एक भाग असाच, ज्यांचे उपचार सुरू झाले त्यांच्यापैकी किती मुदतीत, असा मोजला जायचा. त्यामुळे ज्याची मुदत उलटली आहे अशा रुग्णाला आत घेतलं की रुग्णालयाचा आकडा पडायचा. २०१५ मध्ये तिथले वैद्यकीय संचालक ब्रूस कीओ यांच्या शिफारशीवरून ते माप रद्द झालं आणि अजून वाट पाहत असलेल्यांपैकी ९२ टक्के १८ आठवड्यांच्या आतले असावेत, एवढंच ठेवलं गेलं. फरक छोटा वाटतो, पण दिशा उलटते: रखडलेलं एक प्रकरण संपवलं की आकडा सुधारतो. अर्थात यादीत नावच न चढवण्याची पळवाट तिथेही उरतेच, आणि यादी कोण तपासतं यावर सगळं येऊन ठरतं.

वही घेऊन ७४ व्या दिवशी मी वरच्या शाखेत गेलो. रजेवरचा कारकून परतला होता. तरुण, डोळ्यांखाली काळं, टेबलावर तिसाव्या दिवसाच्या आतबाहेर असलेल्या फायली. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण त्याच्यासमोर वही ठेवली आणि म्हटलं, “मीही हेच करायचो.” तो वही बघत राहिला. मग हसला आणि दाराकडे एक नजर टाकून खुर्ची पुढे ओढली.

“काका, तुमचा अर्ज वीस मिनिटांचं काम आहे. पण गेल्या महिन्यात आम्ही एकोणनव्वदवर होतो. साहेबांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं बैठकीत. जुनं काही काढू नका, असं सांगितलंय.”

“आणि या महिन्यात?”

त्याने कॅल्क्युलेटर घेतला. महिना संपत आला होता, शंभर निकाली, त्र्याण्णव मुदतीत. त्याने ९३ भागिले १०३ केलं: नव्वदच्या जरासं वर. ९३ भागिले १०४: नव्वदच्या खाली.

“तीन मावतात,” तो म्हणाला.

साहेबांना विचारून येतो म्हणाला आणि पाच मिनिटांनी परत आला. चार दिवसांनी दुरुस्त नोंदीची प्रत माझ्या हातात पडली. अक्षर बरोबर होतं. मी निघताना त्याने जुन्या फायलींच्या गठ्ठ्यातून वरच्या तीन काढून बाजूला ठेवलेल्या दिसल्या, सर्वांत वरची माझी. चौथी आता गठ्ठ्याच्या माथ्यावर होती. तिच्यावरची आवक तारीख माझ्या अर्जाच्याही आधीची होती.