गेम्बा नेको, भाग ५: ‘योशी!’ला मराठी शब्द मिळाला, बोटाला मात्र वेगळाच इलाज करावा लागला

मिळाला! ‘गेम्बा नेको’ या जपानी मांजराची मीम-चित्रं मराठीत आणताना सात आठवडे ज्या एका शब्दापाशी गाडी अडली होती, तो गेल्या रविवारी मामाच्या ओसरीवर मिळाला. त्यामुळे या भागात ठरल्याप्रमाणे फोनवाल्या मांजराचं भाषांतर नाही. ते पुढे ढकललंय. आधी हे सांगते.

आधीचे भाग वाचलेल्यांना चित्र पाठ असेल. हेल्मेट घातलेलं मांजर, एक पाय मुडपलेला, एक हात पुढे ताणून बोट रोखलेलं, तोंड उघडं, आणि वर एकच शब्द: योशी! चित्रकार कुमामिने यांच्या मांजरावरून जपानी नेटकऱ्यांनी हे रूप जुळवलं आणि त्याला ‘गेम्बा नेको’, म्हणजे साइटवरचं मांजर, म्हणायला लागले. पुढे कुमामिने यांनी स्वतःची आवृत्ती काढली, ती ‘शिगोतो नेको’, म्हणजे कामावरचं मांजर. विनोद असा की मांजर तपासणीचा विधी अगदी मन लावून करतं, तपासणी मात्र करत नाही. मागे काहीतरी कोसळत असतं आणि हे ठणठणीत आवाजात सांगतं, योशी!

जपानी वाचकाला ते बोट बघताक्षणी कळतं. तिथे रेल्वेत आणि कारखान्यांत ‘शिसा कान्को’ नावाची पद्धत आहे: ज्या गोष्टीची खात्री करायची तिच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं बोलायचं. ‘आशिमोतो योशी’, म्हणजे पायाखालची जागा ठीक. ‘मिगी योशी, हिदारी योशी’, उजवी ठीक, डावी ठीक. हा पोकळ सोपस्कार नाही. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली केलेल्या प्रयोगात, बोट न दाखवता आणि न बोलता केलेल्या दर १०० कृतींमागे २.३८ चुका झाल्या होत्या. दोन्ही केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. म्हणजे मुळात डोळा, हात, तोंड आणि कान एका गोष्टीवर आणणारी पद्धत आहे. मांजराचं फक्त डोळ्याचं काम राहून गेलेलं असतं.

आता माझी अडचण. पहिल्या आवृत्तीत मी ‘ठीक आहे!’ लिहिलं आणि चार जणांना दाखवलं. मैत्रीण म्हणाली, मांजर कुणाला तरी हाकलतंय. भाचीला ते नाचताना वाटलं. एकानं विचारलं, ‘तिकडे काय आहे?’ आणि चौथीला नुसतंच गोड वाटलं. शब्द बरोबर होता आणि विनोद शून्य. आपल्याकडे रोखलेलं बोट म्हणजे ‘तो बघ’ किंवा ‘चालता हो’. ‘ठीक आहे’ म्हणताना आपण बोट रोखत नाही, मान हलवतो. चित्र एक बोलत होतं आणि कॅप्शन दुसरंच.

मग शब्दांची रांग लावली. ‘बरोबर!’ लिहिलं तर मांजर मास्तर झालं, पोराचं उत्तर तपासणारं. ‘झालं!’ म्हटलं की काम संपलं, तपासणी राहिलीच बाजूला. ‘चालतंय!’ वर सगळ्यात जास्त हसू आलं आणि म्हणूनच तो शब्द मला मोह घालत होता. पण चालतंय म्हणणाऱ्याला माहीत असतं की काहीतरी कमी आहे. या मांजराला ते माहीत नाही. त्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास आहे. ‘चालतंय’ लिहिलं की ते आळशी होतं आणि चित्रातला निरागसपणा मरतो. मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी हाच शब्द सुचवला होता, पण या एका कारणासाठी मी तो घेणार नाही.

शिवाय ‘योशी’ हा रोजच्या बोलण्यातला शब्दही नाही. ‘चांगलं’ला जपानी माणूस रोज ‘ई’ किंवा ‘योई’ म्हणतो. ‘योशी’ हे त्याच विशेषणाचं जुन्या लेखी भाषेतलं रूप, जे या पुकाऱ्यात गोठून राहिलंय. म्हणजे मला साधं विशेषण नको होतं. मला हवा होता विधीत गोठलेला शब्द, विचार न करता तोंडातून बाहेर पडणारा. शाळेतला ‘हजर!’ हा तसाच शब्द. बाईंनी नाव उच्चारलं की निघतो, मन कुठेही असो. दोन दिवस मी ‘हजर’वर अडून बसले होते. पण त्यात निकाल नाही. ‘हजर’ माणसाबद्दल बोलतो, वस्तूबद्दल नाही.

रविवारी मामाकडे गेले होते. मामा रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून लागला आणि लोको पायलट म्हणून निवृत्त झाला. त्याला काहीही न सांगता मोबाइलवर बिनकॅप्शनचं चित्र दाखवलं. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘अगं, हा सिग्नल पुकारतोय.’

मी उडालेच. इंजिनात दोघंही सिग्नल दिसला की हात करून त्याचा रंग मोठ्यानं एकमेकांना सांगतात, हे मी ऐकलेलं होतं, पण या मांजराशी कधी जोडलं नव्हतं. म्हणजे ही खूण आपल्याकडेही आहे. फक्त ती केबिनच्या आत राहिली, प्लॅटफॉर्मवरच्या माणसापर्यंत पोचली नाही. मग मामानं दुसरा प्रश्न विचारला आणि खरी गाठ तिथे सुटली: ‘पण याचा सिग्नल कुठाय?’

बोटाला वस्तू नव्हती! जपानी वाचक ती मनातल्या मनात भरतो, कारण ‘अमुक योशी’ हा साचा त्यानं शेकडो वेळा ऐकलेला असतो. नुसतं ‘योशी’ दिसलं तरी आधीचं नाम त्याला ऐकू येतं. मराठी वाचकासाठी ते नाम मलाच लिहावं लागणार.

घरी येऊन धाकट्या दिराला फोन केला. तो भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीत आहे. विचारलं, पार्ट तपासताना तुम्ही तोंडानं काय म्हणता? तो म्हणाला, ‘वहिनी, दुसरं काय म्हणणार? ओके. बोअर ओके, थ्रेड ओके. पार्टवर मार्करनं तेच लिहितो आणि चेकशीटवर टिक.’ आणि आपणहून पुढे म्हणाला, ‘काही जण सकाळीच सगळ्या टिका करून ठेवतात.’

घ्या. नाम, त्यापुढे एक गोठलेला शब्द, आणि न बघता केलेली टिक. अख्खं मांजर भोसरीत उभं होतं.

‘ओके’ मी पहिल्याच आठवड्यात इंग्रजी म्हणून खोडला होता. ती चूक होती. शॉपफ्लोअरवर तो कुणाला परका वाटत नाही, आणि ‘योशी’सारखाच तो निकाल, शिक्का आणि पुकारा असं तिन्ही एकदम आहे. आता मालिकेतलं पहिलं चित्र असं:

‘शिडी ओके! बेल्ट ओके! हेल्मेट ओके!’

मांजर शिडीवर, शिडीची एक पायरी गायब. तीन नामांमुळे बोट ‘तो बघ’ न राहता तपासणीचं बोट होतं. ‘ठीक आहे!’ दाखवलं होतं त्याच चौघांना हे दाखवलं. तिघं हसले. भाची हसली नाही, पण ‘त्यानं बघितलंच नाही’ असं म्हणाली, म्हणजे तिला कळलं. एकदा साचा बसला की पुढच्या चित्रांत नुसतं ‘ओके!’ पुरतं, नाम वाचक स्वतः भरतो. त्यामुळे सुटी चित्रं टाकायचा बेत रद्द. आता क्रमानं मालिका, आणि पहिलं चित्र वगळून दुसरं पाठवायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. शब्द मी मांजराच्या तोंडापाशी ठेवत होते. बोटाच्या टोकाकडे सरकवला आणि नजर आधी बोटावर, मग शब्दावर, मग गायब पायरीवर जायला लागली. एवढ्याशा सरकवण्यानं पंच अर्धा सेकंद उशिरा येतो आणि जास्त लागतो.

फॉन्टचंही मिटलं. बलू फार मऊ पडतो, खाऊच्या पाकिटासारखा. मोदक लांबून छान दिसतो, पण लहान आकारात ‘ओ’चं पोट बुजतं. यात्रा वन घेतला. तो रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, आणि मामाच्या उत्तरानंतर दुसरा कुठला घ्यावासा वाटेना. फक्त ‘ओके’च्या मात्रा हेल्मेटला भिडतात, म्हणून शब्द थोडा खाली घ्यावा लागतो. ट्रकच्या मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’च्या वळणाची अक्षरंही काढून पाहिली. दिसायला सुंदर, पण मांजर थेट हायवेवर जातं.

आता तीन मांजरांचं चित्र. एकाच वस्तूची तिघं तपासणी करतात आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर विसंबलेला असतो. इथे मराठीनं मला भरभरून दिलं. जपानीत कारण आधी येतं, मग ‘कारा’, म्हणजे ‘म्हणून’, आणि शेवटी ‘योशी’. इंग्रजी भाषांतरांत बऱ्याचदा ‘ओके’ आधी येतो आणि कारण मागून, त्यामुळे पंच फुटतो. आपलं वाक्य जपानीसारखंच शेवटी निकाल देतं:

‘पुढचा बघेलच. ओके!’
‘मागच्यानं बघितलंय, पुढचाही बघेलच. ओके!’
‘दोघांनी बघितलंय. ओके!’

‘म्हणून ओके’ असं लिहून पाहिलं, पण ‘म्हणून’ आलं की मांजर युक्तिवाद करायला लागतं. ‘बघेलच’मधला ‘च’ एवढासा, पण सगळा आंधळा भरवसा त्याच्यात मावतो.

आणि ज्या ओळीची मला सर्वात जास्त धास्ती होती, ती दहा मिनिटांत झाली. अपघातानंतर मांजराला विचारलेला प्रश्न: ‘नानी ओ मिते योशी…’. जपानी ‘मिते’ म्हणजे नेमकं आपलं ‘बघून’.

‘काय बघून ओके म्हणालात?’

‘म्हणालास’ नाही, ‘म्हणालात’. मूळ प्रश्नही अदबीनंच विचारलेला आहे, आणि त्या अदबीमुळेच मांजराला पळायला जागा उरत नाही.

हे लिहिता लिहिता वाटतंय की मालिकेची सुरुवात याच प्रश्नानं करावी. काळी चौकट, नुसती ही ओळ, आणि मग शिडी. वाचकाला ‘ओके’ आधी ऐकू येईल आणि बोट नंतर दिसेल. तसं झालं तर पहिल्या चित्रातली तीन नामं दोनवर आणता येतील, कदाचित एकट्या ‘शिडी ओके!’वर भागेल. आज रात्री दोन्ही प्रकार मांडते आणि या वेळी भाचीच्या वर्गातल्या मुलांना दाखवते. फोनवाल्या मांजरासाठी ‘असं कसं…’ आणि नुसतं ‘का…’ असे दोन पर्याय वहीत आहेत. कुणाकडे तिसरा असेल तर पाठवा, पण आधी ते चित्र बिनकॅप्शनचं कुणाला तरी दाखवा आणि ती व्यक्ती काय म्हणाली तेही कळवा.