चहा, बादली आणि आठवीचा वर्ग

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. आठवीच्या घटक चाचणीत मी एक साधा वाटणारा प्रश्न घातला होता: 80 अंश सेल्सिअसचा कपभर चहा आणि 40 अंशांचे बादलीभर पाणी, यांपैकी कशात उष्णता जास्त? बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘चहात’ असे उत्तर आले आणि त्यापुढे कारणही ठामपणे लिहिलेले होते, की चहाने तोंड भाजते आणि बादलीतल्या पाण्याने आपण आरामात आंघोळ करतो. निरीक्षण बिनचूक होते, फक्त ते तापमानाविषयीचे होते. नुसते बरोबर उत्तर फळ्यावर लिहून हा गोंधळ मिटणार नव्हता, म्हणून पुढचा जोडतास मी प्रयोगशाळेत घेतला.

प्रयोगशाळेच्या मामांनी पंधरा लिटर पाण्याची बादली भरून ठेवली होती. खोलीचे आणि पाण्याचे तापमान 28 अंश होते. बादलीत एक हजार वॅटची इमर्शन रॉड सोडली आणि एका मुलाला घड्याळ पाहायला बसवले. दरम्यान समोरच्या टपरीवरून आणवलेले दोन कटिंग एका स्टीलच्या पेल्यात ओतून तराजूवर मोजले. चहा 150 ग्रॅम भरेल इतका ठेवला आणि तो स्पिरिटच्या दिव्यावर 80 अंशांपर्यंत तापवला.

बादलीकडे मात्र लक्ष ठेवावे लागले. आठ-नऊ मिनिटांनी मुलांनी ‘चाळीस झाले’ अशी आरोळी ठोकली. पण तापमापी वरच्या थरात होती, आणि तळाचे पाणी त्या मानाने बरेच गार होते. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते, त्यामुळे न ढवळता घेतलेले तापमान हे बादलीचे तापमान नसते. दर खेपेला रॉडचे बटण बंद करून, प्लग काढून, लाकडी पट्टीने पाणी ढवळायचे आणि मग तापमापी मध्यावर धरायची, अशा रीतीने खरे 40 अंश गाठायला तेरा-चौदा मिनिटे गेली.

आता हिशेब मुलांनीच मांडला. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते आणि चहा हा बहुतांशी पाणीच असल्याने त्यालाही ढोबळ मानाने हेच लागू केले. चहा 28 वरून 80 अंशांवर न्यायचा म्हणजे 150 गुणिले 52, अर्थात 7,800 कॅलरी. बादली 28 वरून 40 वर न्यायची म्हणजे 15,000 गुणिले 12, अर्थात 1,80,000 कॅलरी. बादलीला चहाच्या तेवीस पट उष्णता लागली होती. रॉडच्या भाषेत सांगायचे तर, काहीच वाया गेले नाही असे धरल्यास बादलीला साडेबारा मिनिटे लागतात आणि चहाला अवघे तेहतीस सेकंद. मला वाटते, कॅलरींच्या आकड्यांपेक्षा या तेहतीस सेकंदांनीच वर्ग गप्प झाला, कारण घड्याळ धरून बसण्याचा कंटाळा सगळ्यांनी नुकताच अनुभवला होता.

माझ्या दृष्टीने धडा इथे संपत होता. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, बादलीत एवढी जास्त उष्णता आहे, तर हा पेला बादलीत ठेवल्यावर बादली चहाला उष्णता देईल ना? जास्त असलेल्याकडूनच कमी असलेल्याकडे जाते.” हा प्रश्न मी चाचणीत विचारला नव्हता, पण खरा विचारायला हवा होता तो हाच.

मी तिलाच पेला पाण्यात धरायला सांगितले, काठ पाण्याच्या वर राहील इतपत. चहा दुसऱ्या तापमापीने हलवत राहिलो. चार मिनिटांत तो 55 अंशांच्या आसपास आला आणि पंधरा मिनिटांनी बादलीच्या पाण्याशी जवळजवळ समान झाला. चहाची उष्णता गेली, हे स्पष्ट होते. पण ती बादलीत गेली का? बादलीची तापमापी पाहिली तर ती 40 वरून 39 वर उतरलेली. मुलगी म्हणाली, “सर, दोघेही थंड झाले. मग कुणी कुणाला दिली?”

शंका अगदी रास्त होती. चहाची सगळी जादा उष्णता बादलीत उतरली तरी पंधरा लिटर पाण्याचे तापमान जेमतेम 0.4 अंशाने वाढते, आणि एकेका अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर ते धड वाचताही येत नाही. त्याच वेळी उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनाने आणि बादलीच्या बाजूंमधून हवेत जाणारी उष्णता त्याहून जास्त होती. बादली मोठी असणे हा उष्णता मोजताना फायद्याचा मुद्दा होता, पण उष्णतेची दिशा दाखवायला तीच बादली कुचकामी ठरली.

म्हणून एका पातेल्यात त्याच बादलीतले एक लिटर पाणी घेतले, ते पुन्हा 40 अंशांवर आणले आणि चहाही नव्याने 80 पर्यंत तापवला. हिशेबाने दोघांनी 45 अंशांवर भेटायला हवे होते. दहा मिनिटांनी दोन्ही तापमाप्या 44 च्या जवळ थांबल्या. राहिलेला अंश-सव्वा अंश हवेने खाल्ला. पातेल्यातले पाणी मात्र 40 वरून वर चढलेले सर्वांनी पाहिले. त्या एक लिटर पाण्याला 28 वरून 40 वर यायला 12,000 कॅलरी लागल्या होत्या, म्हणजे त्याच्याकडेही चहापेक्षा जास्तच होते, आणि तरी घेणारे तेच ठरले.

असे का, हे रेणूंच्या पातळीवर सांगितल्याशिवाय पटत नाही. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. चहाचे रेणू सरासरीने अधिक वेगाने हलतात, ते स्टीलच्या भिंतीच्या कणांना धक्के देतात आणि ते कण पलीकडच्या पाण्याच्या रेणूंना. त्या भिंतीपाशी बादलीतल्या सगळ्या रेणूंची एकत्रित बेरीज येऊन उभी राहत नाही. तिथे प्रत्येक टकरीत समोर येतो तो एकेक कण. अशा असंख्य टकरींत सरासरीने ज्याची ऊर्जा जास्त, त्याच्याकडून ती निघून जाते. बादलीत रेणू शंभर पट असले तरी प्रत्येकाच्या वाट्याला आलेली ऊर्जा कमी आहे, आणि दिशा त्या वाट्यावर ठरते. काटेकोर बोलायचे तर पदार्थात साठलेली ती आंतरिक ऊर्जा, आणि भिंतीतून सरकते तेवढीच उष्णता. आठवीत मी या भेदावर अडून बसत नाही, पण पेल्याचा प्रयोग झाल्यावर तो सांगणे सोपे जाते.

एका मुलाने लगेच समुद्र काढला: “मग गिरगाव चौपाटीच्या समुद्रात किती असेल, सर!” प्रचंड, हे खरेच. पण समुद्राचे पाणी 28 अंशांचे असेल, तर त्यात बुडवलेला 29 अंशांचा पेलाही त्याच्याकडून काही घेऊ शकणार नाही, उलट देईल. अख्खा अरबी समुद्र मिळून कपभर चहा कोमट करू शकत नाही, हे ऐकून वर्गात हशा पिकला.

वार्षिक परीक्षेत मी तोच प्रश्न ठेवला, पण दोन भाग करून: खोलीच्या तापमानापासून तापवायला कोणाला जास्त उष्णता लागली, आणि पेला बादलीत ठेवल्यास उष्णता कोणाकडून कोणाकडे जाईल. दुसऱ्या भागाखाली कारण लिहायला मी तीन ओळींची जागा सोडली होती. त्या मुलीला ती पुरली नाही. तिने समासात बाणाने दाखवून बादलीच्या बाष्पीभवनाचेही लिहिले होते.