मसाई पठारावरचं वाळलेलं जांभूळ

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरहून पन्हाळा गाठला आणि तिथनं दाजींच्या मोटरसायकलवर मसाई पठार. या दिवसांत तिथं जायचं म्हटलं की लोक वेड्यात काढतात, कारण फुलं नाहीत, ढग नाहीत, आहे तो फक्त तापलेला जांभा. पण झाडं तहानेनं कशी मरतात हे बघायचं असेल तर हाच महिना. पावसाळ्यात सगळं हिरवं झाल्यावर नेमकं काय मेलं ते ओळखता येत नाही.

पठाराच्या कडेला एक जुनं जांभूळ होतं. शेंडा पूर्ण वाळलेला, खालच्या फांद्या हिरव्या. तपकिरी पानं गळून न पडता फांदीलाच लटकलेली. जवळच म्हसरं राखत बसलेले आजोबा म्हणाले, "वरनं वाळाय लागलं की खालनं पानी तुटलं समजायचं." अगदी खरं. फक्त पाणी जमिनीत तुटतं तसं ते खोडाच्या आतही तुटतं.

आपल्याकडं नदीवरच्या मोटरीनं हवा धरली की काय होतं, ठाऊक आहे ना? मोटर घुमते, पाणी येत नाही. झाडाचंही तसंच. पानांतून पाणी उडतं, त्या ओढीनं खोडातल्या केसासारख्या बारीक नळ्यांतलं पाणी मुळापासून अखंड दोरीसारखं वर खेचलं जातं. जमीन कोरडी पडली आणि हवा तापली की ही ओढ वाढत जाते. गाडीच्या टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या आठ-दहा पट ताण उन्हाळ्यातल्या फांदीत सहज असतो. तो फार वाढला की शेजारच्या रिकाम्या नळीतली हवा भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून आत घुसते, दोरी तुटते आणि ती नळी बाद होते. मग उरलेल्या नळ्यांवर भार वाढतो, त्यामुळं त्याही बाद व्हायला लागतात. झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं, पण पानांच्या सालीतून थोडं पाणी झिरपतच राहतं. म्हणून झाड बराच काळ ठीक दिसतं आणि मग थोड्या दिवसांत कोसळतं.

ही मर्यादा कुठं असते? अमेरिकेतल्या एका पाइनच्या रोपांवर 2019 साली प्रयोग झाला. रोपं सुकवून मग पुन्हा पाणी दिलं. पाणी वाहून नेण्याची क्षमता साधारण 80 टक्क्यांहून जास्त गेली की पाणी मिळूनही रोप जगण्यापेक्षा मरण्याचीच शक्यता जास्त होती. वळवाच्या एका सरीनं सगळं सावरेल असं आपण समजतो, ते म्हणूनच खरं नाही.

आता खरी धक्क्याची गोष्ट. दाजी म्हणाले, "पण इथं तर धो-धो पाऊस पडतो." मलाही आधी तसंच वाटायचं. 2012 साली जगभरातल्या 226 जातींच्या झाडांची तुलना झाली, तेव्हा सुमारे 70 टक्के जाती आपल्या तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगताना आढळल्या, आणि त्यात भरपूर पावसाच्या जंगलांतली झाडंही होती. झाड आपल्या जागच्या पावसाला जुळवून घेतं, गाठीला फारसं पाणी शिल्लक ठेवत नाही. जांभ्यावर मातीचा थर पातळ, त्यात ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने कोरडे. पाऊस किती पडला त्यापेक्षा मुळाशी किती टिकला, हे इथं महत्त्वाचं.

एक झाड मेलं तर ते फक्त एक झाड. पण अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या एका अभ्यासाच्या जागी 2002-03 च्या दुष्काळात जमीन 15 महिने कोरडी राहिली आणि पिन्यन पाइनची 90 टक्क्यांहून जास्त झाडं मेली. अशक्त झाडांवर सालकिड्यांनी शेवटचा घाव घातला. तिथला दुष्काळ 1950 च्या दशकातल्यापेक्षा कमी कोरडा, पण जास्त उष्ण होता. एवढी झाडं एकदम गेली की सावली जाते, जमीन तापते, आणि तिथं पूर्वीचंच रान पुन्हा उभं राहील याची खात्री उरत नाही.

जाणार असाल तर पहिला धोका चुकीच्या निदानाचा. ऐन, किंजळ यांची पानगळ उन्हाळ्यात नेहमीचीच. ती मेलेली नसतात. म्हणून जांभूळ, अंजनी अशी सदाहरित झाडं बघा. नखानं बारीक डहाळीची साल थोडी खरवडा: खाली हिरवी-ओली असेल तर फांदी जिवंत. बुंधा काळवंडला असेल तर तो वणव्याचा डाग, पठारावर हा गोंधळ हमखास होतो. सालीला भोकं आणि खाली भुसा दिसला तर किडा. पण किडा आधी आला की तहान, हे एका फेरीत कळत नाही.

सकाळी आठच्या आत पठारावर असा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. वर विसंबण्यासारखं पाणी मिळालं नाही. अकरानंतर जांभ्याचा चटका बुटातूनही लागतो. आम्ही ठरवलेल्या दगडावरनं त्या जांभळाचा फोटो घेतलाय. ऑगस्टमध्ये त्याच दगडावरनं दुसरा घेणार. खालच्या फांद्या टिकल्या आणि शेंड्याखालनं नवी फूट आली, तर आजोबांना सांगायला पुन्हा जायचं. नाही आली, तरी जायचंच.