कुलपात तेल घालणं आम्ही का थांबवलं: आमच्या दुकानाची वाटचाल

आमचं दुकान चिपळूणचं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सायकलींची पंक्चरं काढण्यापासून सुरुवात केली. सायकली कमी झाल्या तसं किल्ल्या बनवणं, कुलपं दुरुस्त करणं आणि पुढे बिजागऱ्या, कडी-कोयंडे विकणं असं काम वाढत गेलं. आज मी, धाकटा भाऊ आणि दोन कारागीर मिळून दुकान सांभाळतो. पण बरीच वर्षं आमच्याकडे सगळ्यावर औषध एकच होतं, ते म्हणजे शिलाई मशीनच्या तेलाची नळीवाली बाटली. कुरकुरलं, अडकलं, घट्ट झालं की दोन थेंब. नाना तेच करायचे, मीही तेच केलं.

ते चुकत होतं हे आम्हाला एका दाराच्या लॅचनं दाखवलं. रस्त्याकडेला राहणाऱ्या एक काकू चार महिन्यांत तिसऱ्यांदा आल्या. म्हणाल्या, "अरे, तू तेल घातलंस की आठ-दहा दिवस लोण्यासारखं चालतं, आणि मग किल्ली आत जाते पण फिरतच नाही." पहिल्या दोन्ही वेळा मी तेलच घातलं होतं. या वेळी लॅच काढून दुकानात आणलं आणि त्याचा सिलिंडर उघडला. आत तांबूस-काळा चिखल होता. आमच्याकडची जांभ्याची तांबडी माती, किल्लीच्या घासण्यानं पडलेला पितळेचा भुगा आणि माझं तेल, तिन्ही मिळून घट्ट लगदा झाला होता.

अशा कुलपात पाच-सहा बारीक पिनांच्या जोड्या असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर केसासारखी नाजूक स्प्रिंग. किल्लीचे दात त्या पिना नेमक्या एका रेषेत उचलतात, तेव्हाच आतला गोल भाग फिरतो. एखादी पिन लगद्यात चिकटून वरच अडकली, तर स्प्रिंगला ती खाली ढकलता येत नाही. मग किल्ली शंभर टक्के बरोबर असूनही कुलूप फिरत नाही, आणि माणूस जोर लावतो. किल्ली तुटून अर्धी आत राहिलेली कुलपं आमच्याकडे येतात, त्यातल्या पुष्कळांची कहाणी हीच असते.

काकूंचं लॅच मी सगळं सोडवलं. पिना ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं ट्रेमध्ये मांडल्या, कारण क्रम चुकला तर जुनी किल्ली चालत नाही. सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि रात्रभर सुकत ठेवले. दुसऱ्या दिवशी जुळवताना तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घातली, काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल इतकीच. मग किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करून दर वेळी फडक्यानं पुसली. आधी ती काळी निघते, मग काळेपणा कमी होत जातो. ते लॅच त्या तक्रारीसाठी पुन्हा आलं नाही.

ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो तोच पदार्थ. त्याचे अतिशय पातळ थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पत्ते सरकावेत तसा भाग सरकतो. ते कोरडं असल्यानं धूळ धरून ठेवत नाही. पूड घरात नसेल तर मऊ, गडद पेन्सिल (६बी चालते) किल्लीच्या दातांवर घासून ती आत-बाहेर करून बघा. कडक पेन्सिलीत माती जास्त असते, ती नको. पण एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला दोनदा बजावतो: जिथे आधी तेल गेलंय तिथे वरून ग्रॅफाइट घालू नका. तेल आणि पूड मिळून काळा लगदा होतो, आणि तो आधीच्या चिखलाइतकाच वाईट. आधी धुणं, मग सुकवणं, मग पूड. पट्ट्यांच्या म्हणजे लिव्हरच्या कुलपातही पट्ट्यांवर तेल नको, कारण तेलाच्या थरानं त्या एकमेकींना चिकटतात. आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या कुलपापासून ते लांब ठेवलेलं बरं.

ग्रॅफाइटची मर्यादा आम्हाला पावसानं शिकवली. ते गंज थांबवत नाही. उघड्यावरच्या गेटच्या कुलपात ओल आणि ग्रॅफाइट एकत्र आले की लोखंड उलट लवकर गंजतं. अशा कुलपाच्या कडीला आम्ही पावसाळ्यात पातळ तेलच लावतो आणि महिन्या-दीड महिन्यानं पुसून पुन्हा लावायला सांगतो.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर आमच्याकडे कुलपांचा ढीगच लागला होता. गाळ आत गेलेलं कुलूप ज्यांनी ओलं असतानाच स्वच्छ पाण्यात खळखळून आणलं, त्यांची बरीचशी वाचली. ज्यांनी गाळावरच तेल ओतलं होतं, त्यांच्या पिना आम्हाला एकेक करून टोचून काढाव्या लागल्या आणि कितीतरी कुलपं टाकून द्यावी लागली. त्यांनी चांगल्या मनानंच तेल ओतलं होतं, आणि ती सवय लोकांना आमच्यासारख्यांनीच लावली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सायकलच्या चेनचं नेमकं उलट. नाना चेनला ग्रीस लावायचे, ते टिकतं म्हणून. पण चेनची झीज बाहेर दिसते तिथे होत नाही, ती रोलरच्या आत, पिनेभोवती होते. ग्रीस तिथे पोचतच नाही, ते बाहेर बसून रस्त्याची धूळ गोळा करतं आणि चेन-दात दोन्ही घासतं. कोरडी पूडही तिथे टिकत नाही. चेनला मशीन ऑइलच हवं: आधी चेन फडक्यानं पुसायची, खालच्या बाजूच्या प्रत्येक रोलरवर आतून एकेक थेंब सोडायचा, पेडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग बाहेरचं तेल पूर्ण पुसून टाकायचं. गाडीचं जळकं ऑइल अजिबात नको, त्यात धातूचा भुगा असतो. तेल घालूनही चेन उड्या मारत असेल तर पट्टी लावून मोजा. एका पिनेच्या मध्यापासून, ती पिन न मोजता, पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. अर्धं सूत, म्हणजे १/१६ इंच, वाढलं तर चेन बदलायची वेळ आली, आणि १/८ वाढलं तर बहुतेक दातांचीही झीज झालेली असते.

बिजागरीला तेल आणि ग्रीस दोन्ही चालतात. पण खोबरेल नको, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि डिसेंबरच्या पहाटे दार पुन्हा करकरतं. आधी दाराची कड हातानं वर उचलून दार उघडून बघा. आवाज थांबला तर बिजागरी कोरडी नाही, दार खचलंय आणि स्क्रू ढिले झालेत, तिथे तेलाचा काही उपयोग नाही. खरोखर कोरडी असेल आणि पिन निघत असेल, तर ती काढून गंज घासून बोटभर ग्रीस लावली की वर्षभर बघावं लागत नाही. पिन निघत नसेल तर मशीन ऑइल. ते आत झिरपतं, पण रंगावरून ओघळतं, म्हणून खाली फडकं धरायचं.

आता धुऊन पूड घातलेल्या प्रत्येक कुलपावर आम्ही लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावतो. त्याचा अर्थ, आत तेल घालू नये. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भाऊ, हा ठिपका कसला?" सांगितल्यावर त्यांनी खिशातून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाले, "मग उद्या माझी तिन्ही कुलपं आणतो." तिन्ही तेलानं भरलेली निघाली. सध्या ती आमच्या टेबलावर रॉकेलात पडून आहेत.