वहिनीला घोणस चावली तेव्हा

भातकापणी चालू होती. भारा उचलताना वहिनीच्या पावलाला घोणस चावली. वेळ पावणेपाच. ती मी लगेच मोबाईलमध्ये टिपून ठेवली, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.

पायाला सूज चढायला लागली होती. मी आधी तिची जोडवी आणि पैंजण काढले. थोडा उशीर झाला असता तर जोडवी कापूनच काढावी लागली असती. तिला उभं राहू दिलं नाही. पायाला विळ्याच्या मुठीएवढी जाड काठी लावून साडीच्या पट्टीने सैलसर बांधली, म्हणजे पाय हलणार नाही. चाललं, पाय हलवला की विष लवकर पसरतं. एवढ्यात चुलत्यांनी कासरा आणून पोटरीवर करकचून आवळला. मी नको म्हणेपर्यंत गाठ बसलीही. काहीजण साप मारायला धावले, एकजण ब्लेड आणायला निघाला. ब्लेड मी हातात घेऊ दिलं नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, कापलं तर तिथूनच वाहत राहतं.

दादाने जीप आणली. वहिनीला मागे आडवं झोपवून साडेपाचला ग्रामीण रुग्णालय गाठलं. कासरा मी वाटेत सोडला नाही. डॉक्टरांनीही सलाईन लावून, औषधं हाताशी ठेवूनच तो सावकाश सैल केला, कारण अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं.

मग त्यांनी थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर ठेवली. 20 मिनिटं कोणी हात लावायचा नाही. नंतर नळी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. दादाचा चेहरा पांढरा पडला.

प्रतिविषाच्या 10 कुप्या सलाईनमधून तासाभरात दिल्या. हे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालतं, त्यामुळे मेलेला साप दाखवायची गरज पडली नाही. मध्येच वहिनीच्या अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली. सिस्टरांनी सलाईन थांबवलं, अॅड्रिनलिनचं इंजेक्शन मांडीत दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं. हे घरी कोण करणार होतं?

प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं. गोठवणारे घटक मात्र यकृताला नव्याने बनवावे लागतात, म्हणून पुढची तपासणी 6 तासांनी. रात्री एकच्या सुमारास नळी कलती केली, तरी रक्त वाहिलंच. आणखी 10 कुप्या गेल्या. किडनीवर परिणाम होतो म्हणून लघवी किती होते ते मी वहीत लिहीत होते.

सकाळी साडेसातला सिस्टरांनी तिसरी नळी उलटी केली. रक्त तळाला घट्ट चिकटलेलं होतं.