भोरजवळचा कुंभारवाडा आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत द्या’वाला गिऱ्हाईक

धनत्रयोदशीला पुण्यातून भोरकडे निघालो होतो, काम काही नव्हतं, फक्त शहरातल्या दिवाळीच्या ट्रॅफिकमधून सुटायचं होतं. हायवे सोडून आत गेलं की एका गावात रस्त्याला लागूनच कुंभाराचं घर आहे. ओसरीत चाक, अंगणात पोत्यांवर वाळत घातलेल्या पणत्या, मागे भट्टी. तिथे चहा प्यायला थांबलो आणि फुकटात नाटक बघायला मिळालं.

मामा चाकावर बसले होते. एका पणतीसाठी एक गोळा घेत नाहीत हं, मातीचा मोठा लोळा चाकावर बसवतात आणि त्याच्या फक्त टोकाला आकार देतात. दोन्ही अंगठे आत दाबले की वाटी होते, मग तर्जनीने कडेला जरा ओढलं की वातीसाठी चोच, खालून दोरा फिरवला की पणती हातात. तोवर वरचं टोक परत तयार. मी मोबाईल काढून व्हिडीओ चालू करेपर्यंत तीन झाल्यासुद्धा.

तेवढ्यात गाडी थांबली. पुण्याचेच, सोसायटीच्या दीपोत्सवासाठी तीनशे पणत्या हव्या होत्या.

“काय भाव मामा?”

“अडीचशे रुपये शेकडा.”

“दीडशे लावा, तीनशे घेतोय.”

मामांनी चाक थांबवलं नाही. “पुण्यात डझनाला किती देता साहेब?”

यावर साहेब गप्प. पण माणूस हुशार होता, खाली बसून एकेक पणती बघायला लागला आणि काळे डाग असलेल्या बाजूला काढल्या. “ह्या डिफेक्टिव्ह आहेत, ह्यांचे कमी करा.”

इथे मामा उठले. डागाची एक पणती घेऊन नखाने टिचकी मारली, खणकन वाजली. मग मागच्या ढिगातली एक लालभडक, दिसायला एकदम देखणी पणती घेतली, तिचा आवाज भद्द. म्हणाले, “डाग धुराचा हाय, गवरी चिकटून जळली की पडतो. ही लाल दिसतीया पण हिला चीर गेलीया, तेल गळंल.” मीही चार-पाच वाजवून बघितल्या, फरक लगेच कळतो, डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवायचा.

डागाच्या सोडून तयार माल दोनशेच निघाला. मग साहेब अंगणात वाळणाऱ्या पणत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “त्यातल्या शंभर आज रात्री भाजून टाका ना, उद्या संध्याकाळी माणूस पाठवतो. ह्यांचे तीनशेनी देतो, चला!”

म्हणजे भाव उलटा चढला. आणि मामा नाही म्हणाले! मला वाटलं भाव खातायत, पण कारण वेगळंच होतं. ओली पणती भट्टीत गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पणती फुटते. एकटी फुटली तर ठीक, तिच्या कपच्या उडून शेजारच्याही जातात. आधी सावलीत, मग उन्हात असं चांगलं तीन-चार दिवस वाळवावं लागतं, परतीचा पाऊस आला तर अजून जास्त. त्यानंतर गवऱ्या आणि पणत्यांचे थर लावून वरून पेंढा, राख टाकायची, रात्रभर भट्टी जळते. आणि सकाळी घाईने उघडली तरी गार हवा लागून तडे जातात, ती आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही.

“मग आत्ता कशाला बनवताय?” साहेबांनी विचारलं, आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं.

“ह्या दिवाळीच्या न्हाईत ओ. तिरपुरी पुनवंच्या हायेत.”

बरोबरच की! त्रिपुरी पौर्णिमा लक्ष्मीपूजनानंतर पंधरा दिवसांनी, देवळात दीपमाळा लागतात, घाटावर दिवे सोडतात, त्याच्या आधी तुळशीचं लग्न. आपली दिवाळी आली की कुंभाराची पुढच्या सणाची माती चाकावर असते.

शेवटी दोनशेचे पाचशे रुपये ठरले, एक पैसा कमी नाही. वर दहा पणत्या, वाटेत फुटतील म्हणून. त्या मात्र साहेबांनी न मागताच मावशींनी कागदात गुंडाळून दिल्या आणि बजावलं की लावायच्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा आणि निथळून घ्या, नाहीतर कोरी माती निम्मं तेल स्वतःच पिते. (सोसायटीतल्या काकू दरवर्षी तेलाच्या नावाने ओरडतात त्याचं उत्तर हे आहे.)

मी साठ घेतल्या, सगळ्या डागाच्या, वाजवून.

साहेब गाडीत बसता बसता काच खाली करून परत ओरडले, “मामा, पौर्णिमेच्या शंभर बुक करा, पण सव्वादोनशेनी हं!”

मामांनी चाकाला दांड्याने फिरकी दिली. “या तर खरं, तवा बघू.”